उसेन बोल्टची शर्यत आलेख-कागदावर: अंतर-काल आलेख कसा वाचायचा

नववीच्या मुलांना अंतर-काल आलेख दाखवून "इथे काय चाललंय?" असं विचारलं की बरीच मुलं पटकन सांगतात, "गाडी चढ चढतेय, मग सपाट रस्त्यावरून जातेय." चूक अगदी स्वाभाविक आहे. डोळ्यांना रेषेचा आकार दिसतो आणि मन त्याला रस्त्याचा आकार समजतं. पण या आलेखात रस्त्याचा आकार कुठेच नसतो. आडव्या अक्षावर काळ असतो, उभ्या अक्षावर तोवर कापलेलं अंतर. गाडी घाटात असो की सपाटीवर, कागदावर फक्त एवढंच उमटतं की अमुक क्षणापर्यंत ती अमुक अंतर पुढे गेली होती.

त्यामुळे रेषेकडे पाहताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. रेषा किती उंचीवर आहे, यावरून वस्तू कुठवर पोचली ते कळतं. रेषा किती कललेली आहे, यावरून ती किती वेगाने जातेय ते कळतं. या कलण्याला गणितात रेषेचा चढ म्हणतात. विश्रांती, एकसमान गती आणि त्वरण या तिन्ही गोष्टी चढावरूनच ओळखायच्या, उंचीवरून नाही. परीक्षेतले बहुतेक गुण या एका गफलतीत जातात, म्हणून आपण हे एका खऱ्या शर्यतीवर नीट करून पाहू.

शर्यत सगळ्यांच्या ओळखीची आहे. १६ ऑगस्ट २००९, बर्लिन, जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतली पुरुषांची १०० मीटरची अंतिम फेरी. उसेन बोल्टने ती ९.५८ सेकंदांत जिंकली. या शर्यतीचा अभ्यास करणाऱ्यांनी दर २० मीटरला त्याची वेळ टिपली होती आणि आपल्याला तेच हवं आहे. बंदुकीचा बार झाल्यापासून मोजलेल्या वेळा अशा:

२० मीटर – २.८९ सेकंद
४० मीटर – ४.६४ सेकंद
६० मीटर – ६.३१ सेकंद
८० मीटर – ७.९२ सेकंद
१०० मीटर – ९.५८ सेकंद

आलेख-कागद घ्या. आडव्या अक्षावर १ सेंटीमीटर म्हणजे १ सेकंद, उभ्या अक्षावर १ सेंटीमीटर म्हणजे १० मीटर असं प्रमाण धरा. पहिला बिंदू आरंभबिंदूपासून २८.९ मिलिमीटर उजवीकडे आणि २ सेंटीमीटर वर येईल. बाकीचे बिंदू तसेच मांडा आणि हात न थांबवता एक सलग रेषा काढा. पूर्ण आलेख साधारण १० सेंटीमीटरच्या चौकोनात बसतो. वहीच्या पानावर सहज मावेल एवढाच.

सुरुवात अगदी डाव्या कोपऱ्यापासून करू. बार झाला आणि बोल्ट लगेच निघाला, असं होत नाही. आवाज कानात शिरून पाय ब्लॉकवर जोर देईपर्यंत थोडा वेळ जातो. त्या दिवशी बोल्टला ०.१४६ सेकंद लागले. (०.१०० सेकंदाच्या आत कुणी हललं तर तो आवाज ऐकून हललेला नाही असं समजून चुकीची सुरुवात धरतात.) या वेळात घड्याळ पुढे सरकतंय, पण अंतर शून्यच आहे. म्हणून रेषा आडव्या अक्षाला चिकटून जेमतेम दीड मिलिमीटर उजवीकडे जाते. ही झाली विश्रांती. काळ वाढला, अंतर वाढलं नाही, चढ शून्य.

इथे एक गोष्ट मनात पक्की करून घ्यावी. विश्रांतीची रेषा आडवी असते, पण ती तळाशीच असली पाहिजे असं काही नाही. बोल्ट समजा ६० मीटरवर थबकला असता, तर रेषा ६० मीटरच्या उंचीवर आडवी झाली असती. वस्तू थांबली म्हणून रेषा शून्यावर उतरत नाही, कारण कापलेलं अंतर परत घेता येत नाही. वस्तू माघारी फिरली तरी कापलेलं एकूण अंतर वाढतच जातं. म्हणून खऱ्या अंतर-काल आलेखातली रेषा कधीच खाली येत नाही. आणि ती सरळ उभीही होऊ शकत नाही. उभी रेषा म्हणजे काळ जराही न सरकता अंतर वाढलं, आणि असं काही घडत नसतं. उत्तरपत्रिकेत उभी रेषा दिसली की ती मांडताना चूक झाली आहे, हे आकडे न बघताही सांगता येतं.

आता चढ मोजू. रेषेवरचे दोन बिंदू घ्यायचे, उंचीतला फरक काढायचा आणि त्याला काळातल्या फरकाने भागायचं. ४० ते ६० मीटरच्या टप्प्यात उंचीतला फरक २० मीटर आहे. काळातला फरक ६.३१ वजा ४.६४, म्हणजे १.६७ सेकंद. भागाकार ११.९८ मीटर प्रति सेकंद. हा चढ म्हणजेच त्या टप्प्यातला सरासरी वेग. शर्यत सरळ मार्गावरची आणि एकाच दिशेची असल्याने इथे चाल आणि वेग यांत फरक करायची गरज नाही.

लक्षात घ्या, आपण ६० ला ६.३१ ने भागलं नाही. तसं केलं तर ९.५१ येतात, आणि तो सुरुवातीपासून ६० मीटरपर्यंतचा सरासरी वेग झाला. त्यात ब्लॉकवरची ती थांबलेली वेळ आणि सुरुवातीची सावकाश पावलंही आली. "६० मीटरच्या आसपास तो किती वेगाने धावत होता?" या प्रश्नाचं ते उत्तर नव्हे. उंचीला काळाने भागणं आणि उंचीतल्या फरकाला काळातल्या फरकाने भागणं ही वेगळी कामं आहेत. रेषा आरंभबिंदूतून निघून शेवटपर्यंत सरळ जात असेल तेव्हाच दोन्हींचं उत्तर सारखं येतं.

याच पद्धतीने सगळ्या टप्प्यांचे चढ काढले तर चित्र उलगडतं. पहिल्या २० मीटरांत, ब्लॉकवरचे ०.१४६ सेकंद वगळून, ७.२९ मीटर प्रति सेकंद. मग ११.४३, मग ११.९८, मग १२.४२ आणि शेवटच्या २० मीटरांत १२.०५. पहिले चार आकडे वाढत गेले आहेत, म्हणजे चढ टप्प्याटप्प्याने वाढत गेला. चढ वाढत जाणं म्हणजेच वेग वाढत जाणं, म्हणजेच त्वरण. कागदावर ते वर वळत जाणाऱ्या वक्रासारखं दिसतं.

इथे आणखी एक गफलत हमखास होते. तीव्र चढाची सरळ रेषा दिसली की मुलं तिला "त्वरण" म्हणतात. सरळ रेषा कितीही तीव्र असली तरी तिचा चढ सगळीकडे सारखाच असतो. वेग जास्त आहे, पण बदलत नाही. ती एकसमान गती. त्वरण ओळखायचं तर रेषा वाकतेय का ते पाहावं लागतं. सपाटीच्या जवळून जाणारी पण वर वाकणारी रेषा त्वरण दाखवते. तीव्र पण सरळ रेषा दाखवत नाही.

पहिले २० मीटर जरा जवळून पाहण्यासारखे आहेत. तिथे आपल्याकडे सुरुवात आणि शेवट असे दोनच बिंदू आहेत, तरी त्यातून बरंच काही काढता येतं. समजा बोल्टचं त्वरण या टप्प्यात एकसमान होतं, म्हणजे वेग दर सेकंदाला सारख्याच प्रमाणात वाढत होता. शून्यापासून एकसमान त्वरणाने निघालेल्या वस्तूचा शेवटचा वेग तिच्या सरासरी वेगाच्या बरोबर दुप्पट असतो. सरासरी ७.२९ होती, म्हणजे २० मीटरच्या खुणेवर त्याचा वेग १४.५८ मीटर प्रति सेकंद असायला हवा. पण अख्ख्या शर्यतीत सर्वांत जलद टप्प्याचा वेगही १२.४२ च आहे, आणि २० मीटरनंतर तर तो अजून वाढतच होता. म्हणजे आपलं गृहीतच चुकलं. त्वरण एकसमान नव्हतं. पहिल्या काही पावलांत ते खूप जास्त होतं आणि मग कमी कमी होत गेलं. म्हणून हा वक्र पाठ्यपुस्तकातल्या एकसमान त्वरणाच्या वक्रासारखा शेवटपर्यंत वाकत राहत नाही. सुरुवातीला झपकन वळतो आणि मग जवळजवळ सरळ होतो.

किती सरळ? तेही मोजता येतं. २०–४० च्या टप्प्यात सरासरी वेग ११.४३ होता आणि ४०–६० मध्ये ११.९८. वाढ ०.५५. या दोन टप्प्यांच्या मधल्या क्षणांमध्ये साधारण १.७१ सेकंदांचं अंतर आहे. म्हणजे दर सेकंदाला वेग जेमतेम ०.३ मीटर प्रति सेकंदाने वाढत होता. सुरुवातीच्या पावणेतीन सेकंदांत तो शून्यावरून १० च्या पुढे गेला होता, म्हणजे सरासरीने दर सेकंदाला साडेतीनहून जास्त. दहापटीहून अधिक फरक. आलेखाचा खालचा भाग ठळकपणे वाकलेला आणि वरचा भाग पट्टीने काढल्यासारखा का दिसतो, ते या दोन आकड्यांत आहे. वरच्या भागाला ढोबळमानाने एकसमान गती म्हटलं तर चुकीचं नाही, फक्त ते ढोबळ आहे हे ध्यानात ठेवायचं.

आता शेवटचे २० मीटर. चढ १२.४२ वरून १२.०५ वर आला. जगातला सर्वांत वेगवान माणूस, विश्वविक्रमाची शर्यत, आणि तरी शेवटी त्याचा वेग कमी होत होता. इतक्या जोरात धावताना शरीराला तो वेग टिकवता येत नाही. बहुतेक धावपटूंच्या बाबतीत शेवटच्या टप्प्यात असंच होतं. रेषा मात्र अजूनही वरच जातेय. वेग कमी होणं म्हणजे रेषा खाली येणं नव्हे. वेग कमी होतो तेव्हा रेषा वर जात जात किंचित आडवी पडू लागते. तो थांबल्यावर ती पूर्ण आडवी होईल.

हे डोळ्यांना दिसतं का? आपल्या कागदावर बघा. ६०–८० मध्ये रेषा २ सेंटीमीटर वर जाताना १६.१ मिलिमीटर उजवीकडे सरकते. ८०–१०० मध्ये तेवढंच वर जाताना १६.६ मिलिमीटर. फरक अर्ध्या मिलिमीटरचा, पेन्सिलच्या टोकाएवढा. दोन्ही तुकड्यांच्या कोनांत एक अंशाचाही फरक नाही. कितीही निरखून पाहिलं तरी ते दोन तुकडे एकाच सरळ रेषेतले वाटतील. म्हणून माझं ठाम मत आहे की आलेख डोळ्यांनी वाचावा आणि मग भागाकाराने तपासावा. विश्रांती आणि मोठं त्वरण नजरेला दिसतं. एकसमान गती आणि अगदी कमी त्वरण यांतला फरक नजर सांगू शकत नाही, आकडेच सांगतात.

आकड्यांनाही मर्यादा असते, ती तपासून घ्यावी. वेळ सेकंदाच्या शतांशापर्यंत मोजली आहे, तेव्हा १.६१ सेकंदांत एका शतांशाची चूक धरली तर वेग १२.३५ ते १२.५० च्या दरम्यान कुठेही असू शकतो. शेवटच्या टप्प्यात एका शतांशाची चूक धरली तर वेग ११.९८ ते १२.१२. हे दोन पट्टे एकमेकांवर येत नाहीत. म्हणजे वेग खरोखर कमी झाला, तो मोजणीचा खेळ नव्हता. फरक दोन शतांशांचाच असता तर असं छातीठोकपणे म्हणता आलं नसतं.

कोनाचा विषय निघालाच आहे तर प्रमाणाबद्दलही सांगतो. उभ्या अक्षावर १ सेंटीमीटर म्हणजे २० मीटर असं प्रमाण घेतलं असतं, तर सबंध आलेख दबून निम्म्या उंचीचा झाला असता. ६०–८० चा तुकडा आपल्या कागदावर सुमारे ५१ अंशांत कललेला आहे, तो ३२ अंशांवर आला असता. बोल्टचा वेग तोच. म्हणून कोनमापक लावून वेग सांगता येत नाही. वेगवेगळ्या प्रमाणांत काढलेल्या दोन आलेखांकडे नुसतं पाहून "याची रेषा जास्त उभी, म्हणजे हा जास्त वेगवान" असं म्हणणं सर्रास चुकतं. आधी अक्षांवरचे आकडे वाचायचे. तुलना नजरेने करायची असेल तर दोन्ही रेषा एकाच कागदावर, एकाच अक्षांवर हव्यात.

आता पट्टी घ्या आणि आरंभबिंदूपासून शेवटच्या बिंदूपर्यंत एक फिकट सरळ रेषा ओढा. तिचा चढ १०० भागिले ९.५८, म्हणजे १०.४४ मीटर प्रति सेकंद. हा पूर्ण शर्यतीचा सरासरी वेग. याच सरासरीने कुणी बार झाल्यापासून एकसमान गतीने धावला असता तर ही त्याची रेषा झाली असती, आणि त्यानेही ९.५८ सेकंदांतच शर्यत संपवली असती. बोल्टची रेषा या सरळ रेषेच्या खालून जाते. २.८९ सेकंदाला हा कल्पित धावपटू ३०.२ मीटरवर असतो आणि बोल्ट अवघ्या २० वर. दहा मीटर मागे! ४.६४ सेकंदाला हेच अंतर ८.४ मीटर होतं, ६.३१ ला ५.९, ७.९२ ला २.७, आणि शेवटी शून्य.

दोन रेषांमधलं उभं अंतर आधी वाढतं आणि मग आटतं, यातून एक सुंदर गोष्ट हाती येते. बोल्टचा वेग सरासरीपेक्षा कमी आहे तोवर तो मागे पडत जातो. त्याचा वेग सरासरीहून जास्त झाला की फट कमी होऊ लागते. म्हणजे फट जिथे सर्वांत मोठी आहे, तिथे त्याचा त्या क्षणाचा वेग सरासरीएवढाच, १०.४४ असणार. ती जागा २० मीटरच्या खुणेच्या आसपास आहे. तिथे वक्राला नुसती टेकेल अशी पट्टी धरून बघा, ती त्या फिकट रेषेला समांतर बसेल. वक्राला एका बिंदूपाशी टेकणाऱ्या अशा रेषेला स्पर्शिका म्हणतात, आणि तिचा चढ म्हणजे त्या क्षणाचा वेग. शर्यतीचं जवळजवळ चार-पंचमांश अंतर तो सरासरीपेक्षा जास्त वेगाने धावला आणि तरी सरासरी १०.४४ च आली, कारण पहिल्या टप्प्यात गेलेला वेळ भरून काढायला बाकीची अख्खी शर्यत लागली.

हा आलेख फक्त वर्गात आणि मैदानात लागतो असं नाही. रेल्वेचे सेक्शन कंट्रोलर ज्या चार्टवर गाड्या चालवतात तो याच जातीचा असतो. एका अक्षावर वेळ, दुसऱ्यावर ओळीने स्थानकं, आणि प्रत्येक गाडीची एक रेषा. तिथे स्थानक, म्हणजे जागा, मांडलेली असते. एकूण कापलेलं अंतर नसतं. त्यामुळे एका दिशेच्या गाड्यांच्या रेषा वर जातात आणि उलट दिशेच्या खाली येतात. कोकण रेल्वेचा बराचसा मार्ग अजून एकेरी आहे. अशा मार्गावर वर जाणारी आणि खाली येणारी रेषा एकमेकींना छेदतात ती जागा स्थानकावरच यायला हवी, कारण दोन गाड्यांना शेजारून जायला दुसरा रूळ तिथेच असतो. म्हणून एका गाडीच्या रेषेत तिथे एक आडवा तुकडा दिसतो. क्रॉसिंगसाठी गाडी खोळंबली की आपण डब्यात बसून वैतागतो, तोच हा आडवा तुकडा.

पण अशा चार्टवर दोन स्थानकांमध्ये सरळ रेषा ओढतात, आणि ती शब्दशः घ्यायची नसते. समजा दोन थांब्यांमध्ये १२ किलोमीटर अंतर आहे आणि गाडीला १० मिनिटं लागतात. सरळ रेषेचा चढ ताशी ७२ किलोमीटर. ही रेषा खरी मानली तर गाडी स्थानकातून सुटता क्षणी ७२ च्या वेगात असायला हवी आणि पुढच्या स्थानकात शिरताना त्याच वेगात एकदम जागच्या जागी थांबायला हवी. प्रत्यक्षात रेषा आधी वर वाकते, मग सरळ होते, मग हळूहळू आडवी पडते. वेग धरायला २ मिनिटं आणि ब्रेक लावून थांबायला २ मिनिटं, दोन्ही वेळा वेग एकसारखा बदलतोय असं धरू. त्या चार मिनिटांत सरासरी वेग कमाल वेगाच्या निम्मा असतो, म्हणजे गाडी तेवढ्या वेळात कमाल वेगाने २ मिनिटांत जाईल तेवढंच अंतर कापते. मधली ६ मिनिटं ती कमाल वेगानेच धावते. म्हणजे १२ किलोमीटर अंतर हे कमाल वेगाच्या ८ मिनिटांएवढं झालं, आणि कमाल वेग ताशी ९० किलोमीटर निघाला. पहिल्या २ मिनिटांत दीड किलोमीटर, मधल्या ६ मिनिटांत ९, शेवटच्या २ मिनिटांत दीड. हे बिंदू मांडून वक्र काढला की मधल्या तुकड्याचा चढ चार्टवरच्या रेषेपेक्षा जास्त दिसेल, आणि दोन्ही रेषा निघताना, बरोबर मध्यावर आणि पोचताना अशा तीनच ठिकाणी एकमेकींना भेटतील.